पाच दिसले, चार लागले

माझ्या लॉटरीच्या दुकानासमोरच्या लाँड्रीत तो बावीस वर्षं वाफेच्या प्रेसवर होता. कॉलर अशी उभी करायचा की त्याला सगळे ‘कडक’च म्हणत. जीभही तशीच. माझ्या दुकानाला खोकं म्हणायचा आणि दर आठवड्याला तिथूनच तिकीट न्यायचा.

खेळ साधा. एकोणपन्नासातले सहा आकडे निवडायचे. तीन जुळायची शक्यता सत्तावन्नात एक, चारची हजारात एक, पाचची चौपन्न हजारांत एक. सहानंतर सातवा चेंडू निघतो, तो बोनस. ज्याचे सहापैकी पाच जुळलेत, त्याचा उरलेला आकडा बोनसचा निघाला तरच तो कामाचा. चारवाल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

निकाल मी फळ्यावर चढत्या क्रमाने लिहितो, बोनसही त्याच ओळीत, फक्त लाल खडूने. त्या दिवशी लाल खडू संपला होता. कंटाळा केला आणि सातही पांढऱ्याने लिहिले.

कडक सकाळीच आला. तिकीट फळ्याला लावून बघितलं आणि म्हणाला, “पाच लागले. बोनस कुठला का असेना, पाच तर आहेत.”

मी तिकीट पाहिलं. त्याचा एकतीस हा बोनस होता. सातांत पाच दिसणारी तिकिटं आठशे ब्याऐंशी असतात, त्यातली सहाशे तीस अशीच, चार अधिक बोनस. म्हणजे चारच.

“मशीनला लावून बघू,” मी म्हणालो.

“तुझं खोकं पळून जातंय का? आधी मालकाला दोन शब्द सांगून येतो. आता स्वतःची लाँड्री टाकणार.”

मला एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. जरा गंमत बघू म्हटलं. खरं सांगतो, मजा वाटत होती.

दोन शब्द कसले, त्याने बावीस वर्षांचं सगळं ओकून टाकलं. मालकाला चारचौघांत चोर म्हणाला, एप्रन त्याच्या टेबलावर फेकला. मग वहिनींना घेऊन ऐटीत माझ्याकडे आला. मशीनने चारचं बक्षीस दाखवलं. त्यात नवा एप्रन आला असता, फार तर दोन.

“पुन्हा लाव,” तो म्हणाला. मी तीनदा लावलं. मग बोनसचा नियम समजावला, अगदी सावकाश. वहिनींनी विचारलं, “भाऊजी, तुम्हाला सकाळीच कळलं होतं?” मी फळा पुसत राहिलो.

दुपारी तो मालकासमोर हात जोडून उभा राहिला. मालकाने सगळ्या कामगारांना बोलावलं, सकाळचा शब्द न् शब्द त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतला आणि प्रत्येक वाक्यानंतर माफी मागायला लावली. मग परत घेतलं, अर्ध्या पगारावर, मळके कपडे निवडायला.

आता लाँड्रीत त्याला ‘साडेचार’ म्हणतात. नाव मीच ठेवलं. हाक मारली की तो ओ देतो.