गोडेतेल आणि टाकीतला फेस

माझी शाळा चौथीत सुटली, पण फेसाचा धडा मी त्याआधीच शिकलो होतो. विंचूरकडे मामाचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस उकळायला लागला की कढईतून फेस असा वर चढायचा, की आता सगळा गूळ चुलवणात जाणार. मामा बसल्या जागेवरून पळीभर तेल भिरकावायचा आणि फेस मुकाट खाली बसायचा. "फेसाला तेलाचा धाक," मामा म्हणायचा. ते वाक्य मी कोरून ठेवलं होतं. लिहिता फारसं येत नसलं की माणूस डोक्यातच कोरतो.

पुढे नाशकात एका डेअरीत लागलो. त्या काळी दूध काचेच्या बाटलीतून घरोघर जायचं, आणि रिकाम्या बाटल्या परत आल्या की धुवायचं यंत्र माझ्या ताब्यात. आधी साध्या पाण्याचे फवारे बाटली विसळायचे, मग कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याची टाकी, शेवटी स्वच्छ पाणी. हातमोजे, गमबूट घालून मी त्या यंत्राभोवती असा फिरायचो, जसा पाटील आपल्या मळ्यात फिरतो. किल्ली माझी, तेलपाणी माझं. दुसऱ्या कुणी हात लावला तर मी दिवसभर बोलायचो नाही.

एका आठवड्यात टाकीला फेस यायला लागला. पहिल्यांदा मला बरंच वाटलं. फेस म्हणजे सफाई, असं आपण धरूनच चालतो. पण फेस कठड्यावरून फरशीवर आला, पंप पाण्याऐवजी हवा ओढायला लागला, फवारे म्हाताऱ्यासारखे थुंकायला लागले. बाटल्यांत फेस अडकून पुढे जायला लागला. प्रयोगशाळेतल्या बाई धुतलेल्या बाटलीत औषधाचा थेंब टाकायच्या. तो गुलाबी झाला म्हणजे कॉस्टिक राहिलं, बाटली बाद. त्या आठवड्यात गुलाबी रंग बघून बघून मला रंगपंचमीचा राग यायला लागला.

मोठे साहेब आले. कोरड्या जागी पाय ठेवत म्हणाले, "मिस्त्री, मुंबईहून ऑपरेटर बोलावलाय. सोमवारी येतोय. तोवर यंत्र सुधारलं तर तुमचं, नाहीतर तुम्ही उद्यापासून क्रेट उचला."

क्रेट उचलायला मला लाज नव्हती. पण माझ्या यंत्रावर परका माणूस? मी म्हणालो, "सोमवार लांब आहे साहेब. आजच बघा."

घरून गोडेतेलाची बाटली आणलीच होती. सगळ्यांसमोर, मामासारखंच, टाकीत तेल सोडलं. आणि फेस बसला हो! फस्स करून बसला. क्रेटवाले टाळ्या वाजवायला लागले. एकजण ओरडला, "मिस्त्री, आता भजी पण सोडा!" मी मिशीवर हात फिरवला आणि ऐटीत जेवणाचा डबा उघडला.

डबा संपायच्या आत फेस परत आला. आणि कसा! आधीचा फेस निदान मऊ होता. हा साईसारखा घट्ट, फुंकर मारली तरी हलेना. मी आणखी तेल टाकलं. जरा बसला, पुन्हा दुप्पट उठला. टाळ्या वाजवणारेच आता तोंड फिरवून हसत होते.

संध्याकाळी घरी येऊन पिशवी ओट्यावर रिकामी केली. बायको रिकामी बाटली बघून म्हणाली, "अहो, तेल गेलं कुठं?"

"टाकीत."

"कुठल्या? ती कॉस्टिकची? गरम?"

"हो. त्यात तुला काय कळतं?"

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मागच्या दिवाळीत आम्ही बायकांनी घरी साबण केला, तो कशाचा केला? तेल आणि कॉस्टिक! तुम्ही टाकीभर साबण केलात आणि विचारताय फेस का येतो?"

त्या दिवशी मी जेवलो नाही, असं लिहायला हवं. पण पिठलं होतं, म्हणून जेवलो.

सकाळी प्रयोगशाळेत गेलो. विचारायला नाही, सांगायला. "बाई, तेलाचा साबण होतो, म्हाईत हाय का?"

बाई हसल्या. "बरं झालं तुम्हीच आलात, मिस्त्री. मला वाटलं आता तूप टाकाल. बसा."

त्यांनी एका नळीत नुसतं कॉस्टिकचं पाणी हलवलं. बुडबुडे आले आणि विझले. दुसऱ्या नळीत थोडं दूध घालून गरम करून हलवलं. फेस उभाच राहिला. म्हणाल्या, "दुधातल्या स्निग्धांशाचाही साबणच होतो. बुडबुड्याचा पडदा म्हणजे पाण्याचा पातळ थर, आणि त्याच्या दोन्ही अंगांना साबणाचे कण दाटीनं उभे. पडदा कुठं पातळ पडला की शेजारचे कण तिकडे सरकतात, सोबत पाणी ओढून नेतात, आणि भोक पडायच्या आत ते ठिगळ लागतं. म्हणून फेस टिकतो. दुधातली प्रथिनं तो पडदा आणखी चिवट करतात."

"मग मामाचं तेल?"

"तेलाचा थेंब पडद्यात घुसतो, पसरतो, साबणाची दाटी मोडतो. मामा बरोबरच होते. पण उसाच्या रसात तेलाचं तेलच राहतं. तुमच्या टाकीत शिपाईच चोराला जाऊन मिळाला."

मग त्यांनी दुधाळ पांढऱ्या औषधाची बाटली काढली. सिलिकॉनचं तेल, त्यात वाळूसारखीच पण डोळ्याला न दिसणारी भुकटी. त्यातला थेंब नळीत टाकला. भुकटीचे कण पडदा टोचतात आणि तेल पडद्याच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत पूल बांधतं. तो पूल पाण्याला धरून राहत नाही, पडदा तिथंच फाटतो. क्षणात नळी साफ. मी हात पुढे केला, "द्या सगळी."

"मिस्त्री! थेंब म्हणजे थेंब. जास्त टाकलं तर काचेवर चिकटून राहतं. आणि गरम कॉस्टिकमध्ये याचाही जोर ओसरतो, म्हणून लागेल तेव्हा थोडं. पण त्याआधी सांगा, इतकं दूध टाकीत येतं कुठून?"

हा प्रश्न माझ्या यंत्राचा होता, आणि तो त्यांनी विचारावा हे मला लागलं. तडक गेलो. पहिल्या विसळणीच्या फवाऱ्यांची तोंडं उघडली तर बाटल्यांच्या चंदेरी टोपणांचे तुकडे आत गच्च बसलेले. बाटली विसळलीच जात नव्हती. उरलंसुरलं दूध घेऊन ती थेट कॉस्टिकमध्ये उतरत होती. एकेक तोंड तारेनं साफ केलं. साबणाची टाकी रिकामी करून नवं कॉस्टिक भरलं. फेस आला, पण कठड्याच्या खूप खाली. मग बाईंच्या बाटलीतलं, त्यांच्याच मापानं टाकलं. पंप घुमायला लागला. बाईंनी बाटलीत थेंब टाकला. थेंब पाण्यासारखा राहिला. दुसऱ्या बाटलीतही.

साहेब म्हणाले, "ठीक आहे." साहेबांच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच. पण मुंबईला निरोप वेळेत पोचला नाही आणि सोमवारी तो ऑपरेटर बॅग घेऊन हजर झाला. तरुण, इस्त्रीची पँट. चालू यंत्र बघून बिचारा गोंधळला. "काका, फेसावर काय टाकता?"

ते औषध खिशातच होतं. पण मी त्याला टाकीजवळ नेलं नाही. विसळणीच्या पहिल्या फवाऱ्याशी नेलं, तार हातात दिली आणि म्हणालो, "आधी हे साफ करून बघ. टाकायचं काय, ते नंतर."

त्यानं निमूट दोन तोंडं साफ केली. मी त्याला चहा पाजला आणि दुपारच्या एसटीत बसवून दिला.

मामाला मात्र मी अजून चुकीचं म्हणत नाही. तेल बरोबर होतं. टाकी चुकीची होती.