साहेबांचा आवाज पडतो तिथे

न्यायाधीश साहेब बोलत, यंत्र निकाल लिहून काढी आणि लघुलेखिकाबाई चुका निस्तरत. यंत्रावर बाईंचा काडीचाही विश्वास नव्हता. आजच्या मसुद्यातले दिन-दीनसारखे ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ चुटकीसरशी मिटले. पण ‘साक्षीवर विश्वास ठेवता येतो’ वाचून त्यांनी वरचा मजकूर पुन्हा तपासला. वर तर साक्षीतल्या विसंगतींचा पाढाच होता! वाक्याच्या शेवटी साहेबांचा आवाज पडे आणि यंत्र उरलेलं स्वतःच जुळवून टाकी. रेकॉर्डिंगमध्येही नीट ऐकू येईना. मनाने ‘नाही’ कसं घालायचं? त्या चेंबरमध्ये गेल्या.

“येत नाही, असंच म्हटलं मी!” साहेब वैतागले. मग एकदम थबकले. “बाई, तुम्ही रजेवर होतात, तेव्हाचे मसुदे कुणी तपासले?”

“कुणीच नाही,” बाई म्हणाल्या. शेवटचा शब्द त्यांच्याही घशातच राहिला.