माहेरच्या नावावरचा फंड

सातिवलीच्या नव्या कंपनीत रुजू झाले, त्याच आठवड्यात क्लार्कने माझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, काढून दिला. ॲपसमोर चेहरा धरला, डोळे मिचकावले, नंबर तयार झाला आणि सुरूही झाला. खाते क्रमांक आणि आयएफएससी भरल्यावर बँकेनेही नाव जुळल्याचे कळवले. अर्ध्या तासाचे काम होते.

जुनी शिल्लक आणायची राहिली होती. लग्नापूर्वी आठ वर्षे मी पॅकिंगच्या एका कारखान्यात होते. लॉकडाऊनमध्ये तो बंद पडला. तिथला यूएएन पगाराच्या जुन्या पावतीवर होता, पण त्याला आधार जोडलेले नव्हते. म्हणून ॲपने मला नवखी धरून दुसरा नंबर दिला होता.

मला ते पैसे सांडोरला माहेरी असलेल्या आईच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी हवे होते. शिल्लक नव्या खात्यात आली की आईवडिलांच्या आजारपणासाठी त्यातून आगाऊ रक्कम काढता येते, असे क्लार्कने सांगितले होते.

शिल्लक नव्या खात्यात वळवायचा, म्हणजे बदलीचा, अर्ज पुढे सरकला नाही. जुन्या खात्यावर माझे माहेरचे नाव होते. लग्नात सासूबाईंनी ताटातल्या तांदळावर दुसरे नाव लिहिले, आडनाव बदललेच, वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव आले. पुढे नगरसेवकाच्या पत्रावर आधारही तसेच झाले. राजपत्रात नाव छापून घ्यायचे कोणालाच सुचले नाही.

पीएफ कार्यालयातल्या बाईंनी जुन्या खात्याचा कागद आणि माझे आधार शेजारी शेजारी ठेवले.

"ताई, जन्मतारीख सोडली तर यात तुमचं काहीच जुळत नाही."

"दोन्ही मीच आहे."

"मला दिसतंय. कागदावर दिसायला हवं."

मग त्यांनी क्रम समजावला. आधी राजपत्र, मग जुन्या खात्यातल्या नावाची दुरुस्ती आणि त्यानंतर बदली. कारखाना बंद असल्यामुळे दुरुस्तीच्या अर्जावर मालकाऐवजी राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालणार होती.

घरी सासूबाई म्हणाल्या की नाव त्यांनी हौसेने ठेवले होते, त्याचा असा त्रास होईल हे त्यांना काय माहीत.

राजपत्र निघायला वेळ लागला. एका अधिकाऱ्याच्या सहीसाठी मी तीन अर्ध्या रजा टाकल्या. नावाची दुरुस्ती मंजूर झाली, बदलीही झाली. नव्या पासबुकात आठ वर्षे एकाच ओळीत जमा झालेली दिसली.

तोवर आई अंथरुणाला खिळली होती. तिच्या छातीत कफ साठला होता आणि या अवस्थेत भूल देणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पैसे आल्याचे मी तिला सांगितले.

"तुझेच आहेत ते," ती म्हणाली. "ठेव."

आगाऊ रकमेचा अर्ज मी भरला नाही.