शिशाचं दार आणि एक दाढ

कोइंबतूरचे कदिरवेलू दवाखाने सजवून देत, पण थाप मारणं काही त्यांना जमत नसे. दातांच्या डॉक्टर पूंगोडींच्या नव्या दवाखान्याचं काम रखडलं, तेव्हा मुदतीच्या आठवडाभर आधीच ते त्यांच्या जुन्या दवाखान्यात जाऊन बसले.

“डॉक्टरम्मा, एक्स-रे खोलीचं शिशाचं दार लहान आलंय. माप मीच चुकवलं. नवीन यायला दहा दिवस. ठरल्या दिवशी बाकीच्या खोल्या सुरू करा, नाहीतर सगळंच दहा दिवसांनी ताब्यात घ्या.”

“बाकीच्या सुरू करते. दिले दहा दिवस!” डॉक्टर हसल्या. “आता अण्णा, तीन महिने टाळताय त्या दाढेचं बोला. कारण काय, पर्याय कोणते?”

कदिरवेलूंचा हात गालावर गेला. कारण समोरच्या ट्रेमध्ये चकाकत होतं: दाढ उपटायचा चिमटा. पर्याय मात्र एकही सुचेना.