आखूड स्क्रू

ठोकळ्या हे नाव त्याला बरोबरच्या गड्यांनी दिलं. सोलर पॅनल बसवताना तो स्लॅबला भोक पाडत नसे. "वॉटरप्रूफिंग एकदा फोडलं की पाणी वाट शोधतंच," म्हणायचा. सांगाड्याच्या पायांवर तो सिमेंटचे ठोकळे ठेवी. वाऱ्याचा जोर धरून वजन काढी आणि कडेच्या, कोपऱ्यांतल्या रांगांना जास्त देई, कारण वारा तिथेच पॅनलखाली शिरून उचलतो. बारा वर्षांत त्याची एक गच्ची गळली नाही.

मग ताईच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, वर्कशॉपच्या पत्र्यावर पॅनल लावायला सांगितले. दाजी वेल्डर, शेड त्यांनी स्वतः उभी केलेली. हलकी शेड ठोकळ्यांचा भार सोसणार नव्हती. अशा छपरावर पॅनल पत्र्यालगत निजवायचे आणि स्क्रू रबरी वायसर घालून, पन्हळीत नव्हे तर उंचवट्यावरून, थेट खालच्या लोखंडी पाइपात उतरवायचे. वारा ओढेल तेव्हा धरतो तो पाइप, पत्रा नव्हे.

ठोकळ्याला हे ठाऊक होतं. पण भोकांची धास्ती मोठी. त्याने स्क्रू निम्मे केले, तेही आखूड, नुसत्या पत्र्यात.

"मेहुणेबुवा, पॅनल लावताय की शर्टाला बटणं?" दाजी खालून ओरडले.

"गळलं तर तुम्हीच बोंब माराल!"

पाणी खरंच गळलं नाही. पण चौथ्या महिन्यात भरदुपारी वादळ आलं आणि कडेची रांग पत्रा फाडून उडाली. एक पॅनल दाजींच्या पायावर पडला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"पत्रा मीच पातळ घेतला," दाजी घरी आल्यावर म्हणत. "आता शेडच विकून टाकतो."

ठोकळ्या छपरावर चढून पाहून आला. पाइपाला पत्र्याच्या मूळच्या स्क्रूंची भोकं होती. त्याच्या स्क्रूचं एकही नव्हतं. पाइपाचा एकही जोड सुटला नव्हता. उरलेल्या तीन रांगा तशाच बटणांवर होत्या, आणि खाली दोन कामगार वेल्डिंग करत होते. गप्प बसणं शक्य नव्हतं.

त्याने दाजींच्या खाटेशी उभं राहून सगळं सांगितलं.

"म्हणजे शेड ठीक आहे?" दाजींनी विचारलं.

"शेड धडधाकट आहे, दाजी. हात माझा चुकला."

"आणि इतके दिवस मी स्वतःला शिव्या घालतोय, ते ऐकत बसलास?"

ताईने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. "ते पॅनल आजच्या आज उतरव," ती म्हणाली. "मग या घरी येऊ नकोस."

त्याने आधी कामगारांना बाहेर काढलं. अंधार पडेपर्यंत एकेक पॅनल दोराने खाली सोडला. स्क्रू काढायला पान्याचा जोर लागलाच नाही. बरेचसे बोटांनीच फिरले.

शेड दाजींनी विकली नाही. ठोकळ्या त्या रस्त्याने जात नाही.