बिडी आणि माझ्या काडेपेट्या

कान इकडं कर रे नातवा. बिडी पानाची, म्हणून सौम्य, असं म्हणतोस होय? तुझे आजोबाही हेच म्हणायचे. दुष्काळात टँकरवरून घागर आणताना त्यांना लई धाप लागली, म्हणून मी त्यांना साखर कारखान्याच्या दवाखान्यात नेलं.

"डॉक्टर, यांच्या बिडीपायी माझ्या काडेपेट्या संपतात," मी कुरकुरले.

डॉक्टर हसले. "मावशी, खरं दुखणं तेच हाय. बिडी सारखी विझते, म्हणून जोरात ओढावी लागते. तंबाखू कमी, पण विषारी धूर सिगारेटीइतका, कधी जास्तच."

"मग फिल्टरची सिगारेट ओढू? का तंबाखू कागदात वळून?" आजोबांनी विचारलं.

"काका, तिन्ही घातकच. सोडा."

चिडचिड करत, मधे दोनदा परत ओढून, शेवटी त्यांनी बिडी सोडली. धाप कमी झाली. तू दुकानातून काडेपेटी घेऊन ये, चुलीला लागते; खिशातली बिडी मात्र तिकडंच टाक. लवकर ये.