मानेपाशी तुटलेली तार

बायकोला फुप्फुसांचा आजार जडल्यापासून आमच्या घरात दोन यंत्रं होती. एक पलंगाशेजारचं, जड, जागचं न हलणारं, भिंतीतल्या सॉकेटवर चालणारं, दिवसभर घुरघुरणारं. दुसरं खांद्याला लावायच्या पिशवीतलं, बॅटरीवरचं. दोन्ही हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून तिच्या नाकातल्या नळीत सोडत. मोठ्याच्या जोरावर ती जगत होती आणि लहानाच्या जोरावर घराबाहेर पडत होती. कधी भाजी घ्यायला, कधी देवळात, आणि जमेल तेव्हा सिटी सेंटर वस्तीतल्या धाकट्या बहिणीकडे.

मी ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंज बाजारात लॅपटॉप आणि चार्जर दुरुस्त करतो. त्यामुळे एका सकाळी लहान यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला, तेव्हा काय झालंय ते मला बघताक्षणी कळलं. चार्जरची वायर यंत्रात जाते तिथे, प्लगच्या अगदी मानेपाशी, वरचं काळं आवरण फाटलं होतं. वायर जरा वाकवली की दिवा लागे, सोडली की जाई. बॅटरी जवळजवळ संपली होती.

"जिथे बघावं तिथे मानेपाशीच कशी हो तुटते?" तिने पलंगावरून विचारलं. "माझ्या फोनचीही तशीच गेली होती."

मी टेबलावरची इस्त्री तिच्याजवळ नेली. इस्त्रीच्या मागे वायरीवर लांब, खाचा पाडलेली रबरी नळी असते. ती मी वाकवून दाखवली. "बघ, ही वळते ती हळूहळू, सगळ्या लांबीत मिळून. सगळा ताण एका जागी येत नाही. आणि आत वायर पकडून ठेवलेली असते, म्हणजे ओढलं तरी हिसका जोडाला बसत नाही. आता हा चार्जर बघ. प्लग कडक, वायर मऊ आणि मधली नळी एवढीशी, तीही प्लगसारखीच कडक. म्हणजे प्रत्येक वेळी वायर एकाच जागी मोडते. आत तांब्याचे केसासारखे बारीक तंतू असतात. वाकून वाकून ते ताठ होतात आणि एकेक करून तुटतात."

"आणि उरलेले?"

"उरलेल्यांवर सगळ्यांचा भार येतो. मग ते तापतात."

श्वास पुरवून बोलायचं, म्हणून ती मोजकंच बोले. आताही एवढंच म्हणाली, "मग जोडा ना. तुमचं तर कामच आहे ते."

तिला घाई होती, आणि कशाची ते मला ठाऊक होतं. बहीण मुलाकडे बंगळुरूला कायमची निघाली होती. फ्लॅट विकला गेला होता, सामान बांधणं सुरू होतं. बहीण आमच्याकडे रोजच येई, पण बायकोला तिच्या घरी जायचं होतं. त्या स्वयंपाकघरात बसून दोघींनी कितीतरी दिवाळ्यांचा फराळ केला होता. सामान हलायच्या आत तिथे एक दिवस राहायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मी चार्जर दुकानात नेला. मनात होतं की खराब तुकडा कापायचा, पुढची चांगली वायर सोलून प्लगला पुन्हा झाळायची, आतल्या प्रत्येक तारेवर वेगळी नळी चढवायची आणि वरून लांब रबर बसवायचं. लॅपटॉपच्या चार्जरला मी हे सर्रास करतो. पण आवरण चिरलं आणि हात थांबला. आतलं तांबं काळं पडलं होतं. तारांवरचं प्लास्टिक तपकिरी होऊन कडक झालं होतं, नखाने दाबलं तर पापडासारखं तुटत होतं. प्लगच्या मधोमध एक बारीक पिन होती, तिच्यावरून यंत्र आपला चार्जर ओळखतं. त्या पिनेभोवतीचं प्लास्टिकही वितळून वाकडं झालं होतं. तसा सुटा प्लग कुठेच मिळत नव्हता, आणि दुसरा चार्जर यंत्र घेत नव्हतं.

यंत्र ज्याच्याकडून घेतलं होतं त्याला फोन केला. तो म्हणाला, "टेप लपेट लो अंकल, चल जाएगा. नया आने में टाइम लगेगा."

टेप लावला असता तर दिवा लागला असता, हे मलाही माहीत होतं. पण टेपने तुटलेले तंतू जुळत नाहीत. आमच्या ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात त्याचा गोंद पाघळतो, टेप सरकतो, आणि खाली वायर तापली तरी ते दिसत नाही. शिवाय बॅटरी काही तासच पुरे, म्हणजे बहिणीकडे दिवसभर चार्जर लावूनच बसावं लागणार होतं, आणि ही वायर त्या पिशवीला चिकटून राहणार होती, तिच्या साडीजवळ, नाकातल्या नळीजवळ. जिथे ऑक्सिजन कापडात मुरतो तिथे एवढीशी ठिणगी पुरते. फोनची वायर असती तरी इतकी जळलेली मी जोडली नसती. ही तर नाहीच.

मी नव्या चार्जरची ऑर्डर दिली आणि घरी येऊन तिला सांगितलं.

"ऑक्सिजनचा लहान सिलेंडर आणतो," मी म्हणालो. "तेवढ्यात जाऊन येऊ."

"किती पुरतो तो?"

"तासभर. जाणं-येणं त्यातच."

"म्हणजे जिना चढायचा, घड्याळ बघायचं आणि उतरायचं." ती भिंतीकडे वळली. "राहू द्या."

बहिणीने मला आमच्या स्वयंपाकघरात गाठलं. "भाऊजी, एक दिवसाचा प्रश्न आहे. आम्ही सगळे लक्ष ठेवू ना वायरीवर."

"लक्ष ठेवून ठिणगी थांबत नाही गं," मी म्हणालो. ती रडायला लागली. मी गॅसवरचं दूध उतरवलं.

चार्जर येईना. रोज फोन करायचा आणि रोज तेच उत्तर ऐकायचं, माल कंपनीकडूनच आलेला नाही. मधल्या काळात बायकोला ताप आला, छाती भरली, दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी परतली तेव्हा मोठ्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा काटा आधीपेक्षा बराच वर ठेवायला सांगितला होता. त्याच आठवड्यात बहिणीने फ्लॅटची किल्ली नव्या मालकाला दिली. निघायच्या आधी ती इथे आली, पलंगाच्या कडेला बसली. दोघी एकमेकींचे हात धरून होत्या. बोलणं बहीणच करत होती.

त्यानंतर पार्सल आलं. चार्जर लावला, हिरवा दिवा स्थिर लागला. बॅटरी भरल्यावर मी तिला पिशवी अडकवून दिली. ती दारापर्यंत गेली, चौकटीला धरून उभी राहिली. ओठ निळसर झाले. लहान यंत्र श्वासागणिक जेवढं देत होतं तेवढं आता तिला पुरत नव्हतं. मी तिला खुर्चीत बसवलं आणि मोठ्या यंत्राची नळी लावली.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "तेव्हा जोडून दिली असती, तर काय झालं असतं?"

खोटं बोलावं असं वाटलं. पण आयुष्यभर मी तिला वायरींबद्दल खरंच सांगत आलो होतो.

"कदाचित काहीच झालं नसतं," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं. "बघा ना," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

पुढे हिवाळ्यात ती गेली. मी दुकान उघडतो. अजूनही लोक जळक्या मानेचे चार्जर आणतात आणि म्हणतात, थोडे दिवस चालेल एवढं करून द्या. मी नाही म्हणतो. ते वैतागून शेजारच्या दुकानात जातात, आणि शेजारचा त्यांना टेप लावून देतो.